शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटचे खोदकाम: धूळ, हादरे आणि तड्यांबद्दल विकासकाला द्यायचे पत्र – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कोथरूड, एरंडवणे, डेक्कन या भागांत १९७०-८० च्या दशकातल्या तीन-चार मजली सोसायट्यांच्या कुंपणाला लागून आता दोन-दोन मजली बेसमेंटचे खड्डे खणले जात आहेत. यातल्या बऱ्याच जुन्या इमारती लोडबेअरिंग आहेत, म्हणजे विटांच्या भिंतीच वजन पेलतात. खालची उत्तरे मुख्यतः अशा इमारतींसाठी आहेत. आरसीसी इमारतींनाही ती लागू पडतात, फक्त तिथे थोडा जास्त वाव असतो.

पत्र कधी द्यावे? तडे दिसल्यावर दिले तर चालेल का?

चालेल, पण निम्मी ताकद गेलेली असेल. शेजारी पत्रे उभे राहिले किंवा जुनी इमारत पाडायला सुरुवात झाली की त्याच आठवड्यात पत्र द्या. तडे पडल्यावर विकासकाचे पहिले उत्तर ठरलेले असते: "हे तर आधीचेच आहेत." चाळीस वर्षांच्या इमारतीबाबत ते बरेचदा अर्धे खरेही असते. खोदकामापूर्वी कोणता तडा कुठे आणि किती रुंद होता याची दोन्ही बाजूंनी सह्या केलेली नोंद नसेल, तर पुढचा सगळा वाद शब्दांवर चालतो. म्हणून पहिल्या पत्रात नुकसानभरपाई मागू नका. काम सुरू होण्याआधी संयुक्त पाहणी मागा. या मागणीला नाही म्हणायला समोरच्याकडे सबळ कारण नसते, आणि तिचा फायदा त्यालाही होतो.

आमच्या इमारतीला धोका आहे की नाही, याचा अंदाज आम्हाला बांधता येईल का?

ढोबळ अंदाज बांधता येतो. त्यासाठी चार आकडे लागतात: तुमच्या पायाची खोली, शेजारच्या खड्ड्याची खोली, दोघांमधले आडवे अंतर आणि खडक किती खाली लागतो ते.

तुमच्या पायाच्या तळापासून खड्ड्याच्या दिशेने ४५ अंशांत खाली उतरणारी रेघ कल्पा. खड्डा या रेघेच्या खाली जात असेल, तर तुमच्या पायाला आधार देणारी माती तो काढून घेतोय असे समजायचे. उदाहरणार्थ, तुमचा पाया दीड मीटर खोल आहे, खड्डा ७ मीटर जाणार आहे आणि पायाच्या कडेपासून खड्ड्याची कड ४ मीटरवर आहे. पायाच्या तळापासून खड्ड्याच्या तळापर्यंतचा फरक साडेपाच मीटर. अंतर मात्र चारच मीटर. म्हणजे खड्डा रेघेच्या दीड मीटर खाली जातो आणि शोअरिंगशिवाय, म्हणजे खड्ड्याची कड धरून ठेवणाऱ्या आधाराशिवाय, हे काम होता कामा नये.

पुण्यात यात एक महत्त्वाची मेख आहे. वरचा थर काळ्या मातीचा, त्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्ट. वरच्या उदाहरणात साडेतीन मीटरवरच घट्ट खडक लागला, तर खचू शकणारा थर पायाखाली फक्त दोन मीटर उरतो. अंतर चार मीटर असल्याने खचण्याची भीती बरीच कमी होते. पण त्याच खडकामुळे उरलेले साडेतीन मीटर ब्रेकरने फोडावे लागतात, म्हणजे हादऱ्यांची काळजी वाढते. कुठे खचणे आणि कुठे हादरे हा मुख्य प्रश्न आहे, ते शेजारच्या प्लॉटच्या भू-तांत्रिक अहवालातल्या, जमीन तपासायला घेतलेल्या बोअरच्या नोंदी पाहिल्यावरच कळते. पत्रात तो अहवाल मागायचा तो यासाठी. खडक फुटलेला किंवा चिरांचा निघाला, तर त्याला घट्ट खडक धरू नका. तो निर्णय अभियंत्याचा.

हादरे किती झाले की जास्त म्हणायचे? घरात तर सगळेच थरथरते.

थरथर जाणवणे आणि भिंतीला इजा होणे यांत मोठे अंतर आहे. हादरा जमिनीच्या कणांच्या कमाल वेगात मोजतात, मिलिमीटर प्रति सेकंद या एककात. शांत घरात बसलेल्या माणसाला ०.३ च्या आसपासही तो जाणवू लागतो, आणि १ ला लोक तक्रार करतात. इमारतींसाठी जर्मनीचे डीआयएन ४१५० भाग ३ हे मानक जगभर वापरले जाते. त्यात थोड्या वेळाच्या हादऱ्यांसाठी, पायाजवळ मोजल्यास, राहत्या घरांना १० हर्ट्झपर्यंत ५ मिमी आणि नाजूक, जतन करायच्या इमारतींना ३ मिमी ही मर्यादा आहे. वारंवारता वाढली की मर्यादाही वाढते. आपल्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालयाचे १९९७ चे परिपत्रक आहे. त्यात वीट-सिमेंटच्या घरांना ८ हर्ट्झखाली ५, ८ ते २५ मध्ये १० आणि त्यावर १५ मिमी अशी मर्यादा आहे. पण ते सुरुंगाच्या स्फोटांसाठी आहे. दिवसाकाठी एखाद-दोन क्षणांचा धक्का आणि दिवसभर खडखडणारा ब्रेकर यांना एकच माप लावणे बरोबर नाही. जुन्या लोडबेअरिंग इमारतीसाठी ३ ला इशारा आणि ५ ला काम थांबवणे, अशी मागणी आमच्या मते रास्त आहे.

ब्रेकरचा हादरा अंतरानुसार झपाट्याने कमी होतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या पुस्तिकेतल्या नमुना आकड्यावरून हिशेब केला, तर ४ मीटरवर सुमारे ६, सहा मीटरवर ३ च्या थोडे वर आणि ८ मीटरवर सुमारे २ मिमी येतात. आपल्या खडकात आकडे वेगळे पडतील, म्हणून हे मोजमापाची जागा घेऊ शकत नाहीत. पण मागणी कुठे रेटायची हे त्यांतून कळते. इमारतीपासून पहिल्या सहा मीटरच्या पट्ट्यात मोठा ब्रेकर नको. तिथे खडक जवळजवळ भोके पाडून, फुगणारी रासायनिक पावडर भरून किंवा वायर-सॉने कापून काढावा. हे काम हळू आणि महाग असते, त्यामुळे कुरकुर होईल. ही मागणी सहा मीटरपुरतीच आहे हे लक्षात आणून द्या.

संयुक्त पाहणीआधी आमच्या तड्यांची नोंद आम्ही कशी करायची?

प्रत्येक सदनिका, जिना, गच्ची आणि बाहेरच्या चारही भिंती पाहा. प्रत्येक तड्याला क्रमांक द्या, उदाहरणार्थ "ब-३/हॉल/पश्चिम/१". तडा जिथे संपतो तिथे भिंतीवर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. पुढे तडा त्या रेघेपलीकडे गेला, तर वाद उरत नाही. रुंदी मोजायला रेघांच्या जाडीचे पारदर्शक कार्ड मिळते. ते भिंतीवर धरून तडा कोणत्या रेघेएवढा आहे ते वाचायचे. फोटो काढताना कार्ड फोटोतच असू द्या. नाहीतर केसाएवढी भेग आणि तीन मिलिमीटरची भेग फोटोत सारखीच दिसते.

महत्त्वाच्या पाच-सहा तड्यांवर मोजमापाची सोय करा. काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धत स्वस्त आहे, पण पट्टी फक्त तुटते. भेग किती आणि कोणत्या दिशेने सरकली, हे ती सांगत नाही. रंगावर चिकटवली तर रंगच सुटतो आणि काच शाबूत राहते. त्यापेक्षा तड्याच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन छोटे स्क्रू विटेत पक्के बसवा आणि त्यांच्यातली अंतरे व्हर्नियर कॅलिपरने मोजा. भेग उघडली की एक बाजू खाली सरकली, हे दोन्ही कळते. मोजमाप नेहमी दिवसाच्या एकाच वेळी घ्या. सकाळ आणि दुपारच्या तापमानानेही भिंत थोडी हलते. खोदकाम सुरू होण्याआधी जमेल तितके वाचन हाताशी ठेवा, म्हणजे भिंतीची नेहमीची हालचाल किती असते ते समजते.

तडा खोदकामामुळे पडला की जुनाच, हे कसे ओळखायचे?

एका नजरेत शंभर टक्के ओळखता येत नाही, पण दिशा सापडते. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणारे, पायऱ्यांसारखे विटांच्या सांध्यांतून जाणारे तिरके तडे पाया असमान खचल्याचे असतात. ते खड्ड्याच्या बाजूच्या भिंतींत जास्त आणि दूरच्या भिंतींत कमी असतील, तर संशय बळावतो. गच्चीच्या स्लॅबखालून आडवी धावणारी भेग बहुधा उन्हामुळे स्लॅब प्रसरण पावल्याची असते. कॉलमवर उभी भेग, तिच्याशेजारी तपकिरी डाग आणि फुगलेले प्लास्टर दिसले, तर सळई गंजली आहे. त्याचा शेजाऱ्याशी काही संबंध नाही. असे तडे यादीत वेगळे दाखवा. सगळेच त्याच्या माथी मारायला गेलात, तर खरे तडेही संशयास्पद ठरतात.

काळ्या मातीवरच्या इमारतीत आणखी एक गोम आहे. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तडे ऋतूप्रमाणे उघडतात-मिटतात. पण खड्ड्यातून सतत पाणी उपसले, तर आजूबाजूची माती वेळेआधी कोरडी पडून असेच आकसू शकते. म्हणून उपशाच्या तारखा आणि तुमच्या विहिरीची किंवा बोअरची पातळी लिहून ठेवा.

पत्रात नेमके काय लिहायचे?

एक पान, जास्तीत जास्त दीड. आरोप नको, विशेषणे नकोत, प्रत्येक मागणीला मुदत हवी. वरच्या उदाहरणासाठी नमुना असा:

> प्रति,
> मा. विकासक, (प्रकल्पाचे नाव आणि पत्ता)
>
> विषय: प्लॉट क्र. __ वरील बेसमेंटच्या खोदकामापूर्वी संयुक्त पाहणी व संरक्षक उपाययोजनांबाबत
>
> महोदय,
>
> आपल्या प्लॉटच्या पूर्वेस आमची तळमजला + ३ मजल्यांची लोडबेअरिंग इमारत आहे. तिचा पाया जमिनीखाली सुमारे १.५ मी. असून आपल्या नियोजित खोदकामाच्या कडेपासून तो सुमारे ४ मी. अंतरावर आहे. खोदकाम ७ मी. खोल असल्याचे समजते. या परिस्थितीत आमची विनंती अशी:
>
> १. खोदकाम सुरू करण्यापूर्वी, या पत्रापासून ७ दिवसांत, आपले आरसीसी कन्सल्टंट आणि आमचे अभियंते यांनी आमच्या इमारतीची संयुक्त पाहणी करावी. तड्यांच्या नोंदीवर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्यात. आमची प्राथमिक यादी व फोटो सोबत जोडले आहेत.
>
> २. भू-तांत्रिक अहवाल आणि आमच्या बाजूच्या शोअरिंगचे आराखडे त्या वेळी दाखवावेत.
>
> ३. आमच्या इमारतीपासून ६ मी. पट्ट्यात हायड्रॉलिक ब्रेकर वापरू नये. आमच्या तळमजल्यावर पायालगत कंपनमापक बसवून रोजच्या नोंदी द्याव्यात. ३ मिमी/सेकंदला आम्हाला कळवावे, ५ मिमी/सेकंदला काम थांबवून पद्धत बदलावी.
>
> ४. आमच्या बाजूला पूर्ण उंचीची जाळी व पत्र्यांचे कुंपण लावावे, खोदकाम आणि राडारोडा भरताना पाणी फवारावे.
>
> ५. ठेकेदाराच्या विमा पॉलिसीतील त्रयस्थ दायित्व आणि 'कंपन व आधार कमी होणे' या जोडकलमाची प्रत द्यावी.
>
> ६. तातडीच्या संपर्कासाठी साइटवरील एका जबाबदार व्यक्तीचे नाव व क्रमांक द्यावा.
>
> आपला विश्वासू,
> सचिव, __ सहकारी गृहरचना संस्था मर्यादित
>
> प्रत: आपले वास्तुविशारद, आपले आरसीसी कन्सल्टंट, महानगरपालिका बांधकाम परवानगी विभाग, क्षेत्रीय कार्यालय

अंतरे आणि खोल्या स्वतः मोजून, खात्री करूनच लिहा. खड्डा अजून नसेल तर "समजते" हा शब्द राहू द्या. एक चुकीचा आकडा सापडला की समोरचा त्यावरच सगळे पत्र उडवून लावतो.

पत्र कोणाच्या सहीने आणि कसे पोचवायचे?

शक्यतो सोसायटीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, कार्यकारी समितीचा ठराव करून. एकट्या सदनिकाधारकाचे पत्र टाळले जाते. साइट ऑफिसमध्ये द्यायचे असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शिक्का मारायला नकार मिळाला तर पोच-पावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची नावे महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर सापडतात. आमच्या अनुभवात पत्राची प्रत मिळालेला आरसीसी कन्सल्टंट विकासकापेक्षा लवकर हलतो. शोअरिंगच्या आराखड्यावर सही त्याची असते.

साइटवर पाहणीला गेल्यावर काय बघायचे?

तुमच्या बाजूने एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर बरोबर न्या. चार-पाच समिती सदस्यांनी एकदम प्रश्न विचारण्यापेक्षा एकानेच बोलावे. आधी कागद बघा: बोअरच्या नोंदीत खडक किती खोल आहे, शोअरिंगची खोली त्याहून कमी तर नाही ना. मग खड्ड्याच्या कडेला जा. शोअरिंग पाइल किंवा गुनायटिंग, म्हणजे जाळी ठोकून कडेवर दाबाने सिमेंटचा थर फवारणे, खोदकामाच्या पुढे चालले पाहिजे. एकदम सात मीटर खणून नंतर जाळी आणि गुनाइट मारणे ही नेहमीची आणि घातक घाई आहे. काम साधारण दीड-दोन मीटरच्या टप्प्यांनी खाली जावे. तुमच्या बाजूच्या कडेवर मातीचे ढीग, सळई किंवा उभा डंपर असू नये, कारण ते वजन थेट कडेवर येते.

उपशाचे पाणी हमखास पाहा. ते स्वच्छ असेल तर ठीक. सतत गढूळ येत असेल, तर पाण्याबरोबर तुमच्याखालची बारीक माती वाहून जात आहे. हे लक्षण लोकांच्या नजरेतून सुटते आणि खचण्याचा इशारा बरेचदा इथूनच मिळतो.

निघण्याआधी जागेवरच इतिवृत्त लिहा: कोण होते, काय दाखवले, काय मान्य झाले, कधीपर्यंत. "बघतो, करतो" हे इतिवृत्तात लिहायचे वाक्य नाही. सही नाकारली, तर त्याच संध्याकाळी मुद्दे ईमेलने पाठवा.

धुळीबद्दल नियम काय आहेत?

केंद्र सरकारच्या २५ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत वाळू, माती, सिमेंट झाकून ठेवणे, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश पण कमाल १० मीटर उंचीचा वारारोधक अडसर, पाणी फवारणी, उघड्यावर फरशी-दगड कापण्यास बंदी आणि हे उपाय साइटवर दर्शनी भागात लावणे, हे सांगितले आहे. मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये पत्र्याच्या कुंपणाची उंची आणि हिरव्या कापडाने किंवा ताडपत्रीने झाकणे याबद्दल वेगळे निर्देश काढले. तिथल्या रहिवाशांनी पत्रात त्यांचा संदर्भ द्यावा.

हिरवी जाळी एकटी पुरत नाही. बारीक धूळ तिच्यातून आरपार जाते, कोरडी जाळी तर धूळ झटकतेच. ती ओली ठेवायला लागते. सर्वांत जास्त धूळ दोन वेळा उडते: जुनी इमारत पाडताना आणि डंपरमध्ये राडारोडा ओतताना. फवारणीची मागणी "दिवसातून दोनदा" अशी न करता "पाडताना आणि भरताना सतत" अशी करा.

विम्याची प्रत का मागायची? तो तर त्यांचा विषय आहे.

कारण ठेकेदाराच्या 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसीत कंपनामुळे किंवा जमिनीचा आधार काढून घेतल्यामुळे झालेले नुकसान मुळात वगळलेले असते. त्यासाठी वेगळे जोडकलम घ्यावे लागते. त्या जोडकलमाच्या नेहमीच्या अटी अशा असतात: काम सुरू होण्याआधी शेजारची इमारत ठीक होती आणि तिच्या स्थितीचा अहवाल विमाधारकाने स्वखर्चाने केला होता. म्हणजे तुम्ही मागत असलेली संयुक्त पाहणी त्यालाही हवी असते. बोलणी अडली, की हा मुद्दा काढा. मात्र स्थैर्याला धक्का न लावणारे वरवरचे तडे या कलमात बहुधा बसत नाहीत. प्लास्टर आणि रंगाची दुरुस्ती ठेकेदाराकडून लेखी कबूल करून घेणेच बरे.

उत्तरच आले नाही, आणि तडे वाढायला लागले तर?

पंधरा दिवसांत स्मरणपत्र, सोबत मोजमापाचा तक्ता. त्याच वेळी महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात तक्रार करा आणि मंजूर नकाशा व शोअरिंगची कागदपत्रे माहिती अधिकारात मागा. कायद्यात आधार आहे: भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मधल्या उदाहरणांप्रमाणे जमिनीला नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. इमारतीच्या वजनासकट आधाराचा हक्क कलम १५ प्रमाणे वीस वर्षे अखंड आणि निर्वेधपणे आधार मिळाला असेल तर पक्का होतो. चाळीस वर्षांच्या सोसायटीला हे कलम उपयोगी पडते. मनाई हुकुमासाठी कोर्टात जायचे झाले, तर वकील पहिली मागणी तुमच्या तारीखवार मोजमापाचीच करतील.

काही लक्षणे दिसली तर पत्रव्यवहार थांबवून त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा, महापालिका आणि अग्निशमन दलाला कळवा: काल नीट लागणारी दारे अचानक अडकणे, एका दिवसात तडा मिलिमीटरभर उघडणे, कुंपणालगतची जमीन खचून खाच पडणे, कुंपणाची भिंत खड्ड्याकडे कलणे. दुर्बल भासणाऱ्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा. इथे "अजून थोडे पाहू" चालत नाही.

तडे कधी बुजवायचे?

विकासक लगेच माणूस पाठवून पुटी-रंग करून देतो म्हणाला, तरी थांबा. हलणारा तडा बुजवला तर तो शेजारीच नवा उघडतो आणि मोजमापाची खूणही जाते. बेसमेंटची भिंत आणि तळमजल्याचा स्लॅब झाला, मागची माती भरून झाली, आणि त्यानंतर एक पावसाळा ओलांडूनही वाचन स्थिर राहिले, तर दुरुस्तीला हरकत नाही. एक मिलिमीटरपर्यंतच्या भेगा लवचिक भरावाने आणि प्लास्टर-रंगाने सुटतात. पाच मिलिमीटरपलीकडचे किंवा विटेतून आरपार गेलेले तडे अभियंत्याच्या सांगण्याप्रमाणे सळया घालून शिवावे लागतात. त्यासाठी प्लास्टर काढून वीट उघडी करावी लागते. दुरुस्तीआधीचे शेवटचे वाचन आणि फोटो दोन्ही बाजूंच्या सहीने ठेवा, आणि काम झाल्यावर किमान एक वर्षाची हमी लेखी घ्या.